"बँडविड्थ आहे का?" म्हणजे नेमकं काय विचारतात?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. मी लातूरहून घरी बसून पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करतो. गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी मॅनेजर मॅडमचा मेसेज आला, "या आठवड्यात बँडविड्थ आहे का?" मी कॅलेंडर उघडलं. आठवड्याच्या ४० तासांपैकी मीटिंगा फक्त ८ तासांच्या, बाकी ३२ तास पांढरेशुभ्र. "हो, आहे" असं कळवून टाकलं. त्या दोन शब्दांनी माझा अख्खा आठवडा गेला. ते सविस्तर सांगेन, पण आधी एक विचारायचंय.

आई शेजारीच शेंगा फोडत बसली होती. "कशाचा बँड म्हणायलास?" म्हणाली. मी सांगितलं, वेळ आहे का असं विचारतायत. "मग वेळ हाय का असंच इचारावं की!"

मला तिचं पटलं, पण आता वाटतंय की मॅडमनी वेळ विचारलाच नव्हता, आणि मी उत्तर मात्र वेळेचं दिलं. तुमच्या ऑफिसात हा शब्द कसा वापरतात? त्याचा अर्थ नक्की काय धरायचा?

शिवनेरी_७७
सवड. विषय संपला. चांगला मराठी शब्द असताना बँडविड्थ कशाला?

कोडकर (पुणे, मूळ उदगीर)
बँडविड्थ म्हणजे स्पीड. नेट घेताना १०० एमबीपीएसची बँडविड्थ म्हणतात ना, तेच. मॅनेजर विचारतो की तू हे काम किती वेगानं काढशील. सवड आणि बँडविड्थ एक नाही. माझ्याकडे सवड भरपूर असते, वेग नसतो, हे आमच्या टीमला ठाऊक आहे :)

अंबाजोगाईकर
बरं झालं हा विषय निघाला. माझ्याकडे तीन महिन्यांपूर्वी फायबर घेतलं. प्लॅन ५० चा आहे, पण चार दिवसांपासून ३ च्या वर जात नाही. रात्री तर पार बंद. तक्रार केली तर "बँडविड्थ पूर्ण दिलेली आहे" म्हणतात. लेकीची परीक्षा ऑनलाइन आहे पुढच्या आठवड्यात. काय करावं?

शिवनेरी_७७
@अंबाजोगाईकर, इथं ऑफिसातल्या शब्दाची चर्चा चाललीय हो, इंटरनेटची नाही.

खांबावरचा (नांदेड)
चालू द्या त्यांचं, लेकराच्या परीक्षेचा प्रश्न आहे. अंबाजोगाईकर, भिंतीवरच्या त्या छोट्या डब्यावर "एलओएस" लिहिलेला दिवा आहे बघा. तो लाल लुकलुकतोय का? लाल असेल तर उजेडच नीट पोचत नाही, प्लॅनचा संबंध नाही. लाल नसेल आणि फक्त संध्याकाळीच गती पडत असेल तर गल्लीतल्या सगळ्यांचा भार एकाच वाटेवर आला असं समजा. बघून कळवा.

आता मूळ प्रश्नाकडं. मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच खांबावर आणि केबलच्या खड्ड्यात. हा शब्द आमच्या घरातला, म्हणून जरा लांबण लावतो.

मूळ अर्थात बँडविड्थमध्ये वेळही नाही आणि वेगही नाही. ती पट्ट्याची रुंदी आहे. जुन्या लँडलाइनवर आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढं जायचा. वजाबाकी करा, ३१०० हर्ट्झ. ही त्या लाइनची बँडविड्थ. "स" मधली सळसळ बरीचशी ३४०० च्या वर असते, ती कापली जायची. म्हणून ट्रंक कॉलवर नाव सांगताना माणसं "सोलापूरचा स" असं म्हणायची. रेडिओचंही तसंच. आपली परभणी आकाशवाणी मीडियम वेव्हवर १३०५ किलोहर्ट्झला. त्या पट्टीवर स्टेशनांची घरं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतरावर आखलेली, म्हणजे शेजारची घरं १२९६ आणि १३१४. प्रत्येकानं आपल्या रुंदीतच बोलायचं.

कोडकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. रुंदी वाढली की दर सेकंदाला जास्त माल जातो, त्याला लोक स्पीड म्हणतात. पण उपग्रहावरून येणाऱ्या फोनचं बघा. उपग्रह ३६,००० किलोमीटर वर. तुम्ही "हॅलो" म्हटलं की ते वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतोच. पट्टा दहापट रुंद करा, "हॅलो" एक क्षणही आधी पोचत नाही.

कोडकर
मान्य. पण काका, माणसाच्या बाबतीत यातलं काय लागू होतं? माझा पट्टा कुठून कुठपर्यंत?

सिडकोवाली (छत्रपती संभाजीनगर)
मी मॅडमच्या बाजूनं बोलते, कारण मीच रोज हा प्रश्न विचारते. माझ्या टीमला नऊ जणं आहेत, सात मराठी बोलणारे.

एखाद्याला "रिकामा आहेस का?" असं विचारून बघा. आपल्याकडं रिकामा हा शब्दच वाईट. रिकामा म्हटलं की रिकामटेकडा आलाच. पोरगं लगेच "नाही मॅडम, लई काम आहे" म्हणतं, कारण हो म्हणणं म्हणजे आपण बसून पगार घेतो असं कबूल करणं. "वेळ आहे का?" विचारलं तर उलटं होतं. वेळ नाही असं वरिष्ठाला सांगायचं म्हणजे उद्धटपणा, म्हणून सगळे हो म्हणतात. बँडविड्थ या शब्दाला आपल्या भाषेत अजून कुठला डाग लागलेला नाही. "सध्या बँडविड्थ नाही" असं नवा मुलगाही मला तोंडावर सांगू शकतो, आणि त्यात त्याला लाज नाही, मला राग नाही. हा शब्द मी याच एका कारणासाठी ठेवलाय.

मात्र एक कबूल करते. काही साहेब लोक काम आधीच तुमच्या नावावर टाकून मग हा प्रश्न विचारतात. ओळखायची खूण सोपी आहे. प्रश्नात कामाचं नाव, ते किती मोठं आहे आणि कधी हवंय यातलं काहीच नसेल, तर तो प्रश्न अर्धवट आहे. त्याला हो किंवा नाही म्हणायचंच नसतं, आधी काम विचारायचं असतं.

मांजराकाठ
ताई, तुम्ही माझीच गोष्ट सांगितलीत. मेसेजमध्ये कामाचं नाव नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

काय झालं ते आता सांगतो. काम निघालं एका ग्राहकाच्या जुन्या प्रणालीतला हिशोब नव्या प्रणालीत नेण्याचं. "दोन दिवसांचं आहे" म्हणजे १६ तास. नंतर वही घेऊन बसलो. कॅलेंडरवर फक्त मीटिंगा दिसतात. मी आधीच कबूल केलेलं काम कॅलेंडरवर कुठंच नसतं, ते माझ्या डोक्यात आणि कामांच्या यादीत. ते होतं २० तासांचं. वर त्या आठवड्यात तक्रारींच्या तिकिटांची पाळी माझी, तिला सरासरी ८ तास जातात. म्हणजे ३२ मधून २८ गेले. उरले ४. आणि मी १६ तासांच्या कामाला हो म्हटलं.

ते ४ तासही सलग नव्हते. अर्धा तास इथं, वीस मिनिटं तिथं. त्यातच फाइल वाचणारा कोड लिहिला. जुन्या प्रणालीत तारीख आधी दिवस मग महिना अशी, नवी प्रणाली आधी महिना धरून वाचते. तपासायला मी फाइलच्या पहिल्या काही ओळी घेतल्या, त्या सगळ्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या. ०५/०८ ही ५ ऑगस्टची नोंद तिनं ८ मे म्हणून बिनतक्रार घेतली. चूक दिसलीच नाही. खरी फाइल चढवली तेव्हा १३ तारखेपासूनच्या नोंदी नाकारल्या गेल्या, कारण तेरावा महिना नसतो, आणि १२ पर्यंतच्या चुकीच्या महिन्यांत जाऊन बसल्या. ग्राहकाच्या माणसानंच फोन करून सांगितलं, "मे महिन्यात आम्ही एवढी विक्री केलीच नव्हती." शनिवार-रविवार ते निस्तरण्यात गेले. ही तारखांची गडबड मला पाठ आहे. स्वस्थपणे दोन तास बसलो असतो तर पहिल्याच नजरेत दिसली असती.

खांबावरचा
कोडकर, तुम्ही विचारलं होतं माणसाला काय लागू होतं. मांजराकाठ यांनी उत्तर दिलंय बघा.

अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये क्लॉड शॅनन नावाचे गणिती होते. त्यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं की तारेतून किती माहिती बिनचूक जाईल ते एकट्या रुंदीवर ठरत नाही, खरखर किती आहे त्यावरही ठरतं. आपल्या ३१०० हर्ट्झच्या लाइनवर आवाज खरखरीच्या हजारपट ताकदीचा असेल तर सेकंदाला सुमारे ३१ हजार बिट जाऊ शकतात. पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं, खरखर वाढली आणि तोच आवाज फक्त शंभरपट उरला, तर साडेवीस हजारांच्या आसपास. रुंदी तीच, ३१००. तिसरा हिस्सा गेला खरखरीत. त्याच्या वर रेटायला गेलं की माहिती जाते, पण चुका घेऊन जाते.

मॉडेम लावणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या, "लाइन चालू आहे, बोलणं होतं, मग नेट का तुटतं?" मी जाऊन आधी रिसीव्हर कानाला लावून नुसता ऐकायचो. खरखर कानाला कळायची. मग खड्डा उघडायचा, जॉइंट सुकवायचा.

तुमचे ४ तास ही रुंदी धरा. तिकिटांच्या घंट्या ही खरखर. ४ तास होते, पण ४ तासांचं काम बसेल एवढी क्षमता त्यात नव्हती, आणि जास्तीचं रेटलंत म्हणून तारखा चुकल्या. माझ्या मते ऑफिसातला अर्थ हाच घ्यावा: तास आणि खरखर दोन्ही धरून, बिनचूक किती निघेल.

शिवनेरी_७७
काका, समजावलंत छान, पण हे तुम्ही मागाहून बसवलेलं आहे. ज्या मॅनेजरांनी हा शब्द उचलला त्यांनी शॅनन वाचून उचललेला नाही. त्यांना "टाइम" म्हणायचं होतं, जरा भारी शब्द मिळाला.

कोडकर
तसंही नाही. जुन्या प्रोग्रामर मंडळींच्या बोलीचा कोश आहे, जार्गन फाइल. त्यात बँडविड्थचा माणसासाठीचा अर्थ दिलेला आहे, आणि तो मोकळ्या वेळाचा नाही. एका वेळी माणूस किती माहिती पेलू शकतो, किती लक्ष देऊ शकतो, असा आहे. म्हणजे आधी लक्ष होतं, वेळ नंतर चिकटला. काकांचा अर्थ मुळाच्या जवळ आहे. (स्पीडवाला माझा दावा मी मागं घेतो.)

तेरणाथडी (धाराशिव)
मी शेतकरी, ऑफिसचं मला कळत नाही, पण खरखरीचं कळालं. आमच्याकडं आठ तास थ्री-फेज लाइट. कागदावर आठ तास. आता सलग आठ तास मिळाली तर माझ्या विहिरीवर एकरभर ऊस भिजतो. पण अर्ध्या-अर्ध्या तासाला ट्रिप व्हायली तर काय होतं? मोटार बंद पडली की दंडातलं पाणी मुरतं. परत चालू झाली की आधी पाइप भरायचा, मग दंड भरायचा, मग सरीचं तोंड पुन्हा भिजायचं. तोंडाकडचा ऊस दोनदा पाणी पितो, शेवटच्या सऱ्या कोरड्याच. मीटर बघितलं तर सहा तास मोटार चाललेली. आणि रानात बघावं तर निम्मं भिजलेलं.

मी रात्रभर दारं धरून बसतो म्हणून मला दिसतं. घरी बसून मीटर बघणाऱ्याला नाही दिसायचं.

सिडकोवाली
दादा, हे मी उद्या टीमच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे. मी पण मीटरच बघत होते.

बाई_चौथीच्या (बीड जिल्हा)
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आम्हाला कुणी बँडविड्थ आहे का विचारत नाही, आदेश येतो. सर्वेक्षण, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती भरणं, आहाराचा रोजचा हिशोब. मागच्या महिन्यात मी एका मुलाला भागाकार समजावत होते. हातचा कुठं ठेवायचा तिथं त्याची गाडी अडली होती. तेवढ्यात फोन आला, "ताबडतोब माहिती भरा." दहा मिनिटांत भरली. परत वळले तर तो वही मिटून बसला होता. दहा मिनिटांचा हिशोब कागदावर निघतो, त्या मिटलेल्या वहीचा कुठं लिहायचा? शब्द इंग्रजी असू द्या नाहीतर मराठी, आम्हाला कुणी विचारलं तरी बरं वाटेल.

खांबावरचा
बाई, खरं आहे.

मातीपरीक्षा (परभणी)
लक्ष आणि भार यावर एक अभ्यास माहीत आहे, तो सांगते. २०१३ मध्ये "सायन्स" या नियतकालिकात आला होता, तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा. त्याच शेतकऱ्यांची विचारशक्तीची चाचणी ऊस जायच्या आधी, म्हणजे हात तंगीत असताना, आणि पैसे आल्यानंतर, अशी दोनदा घेतली. आधीच्या वेळी कामगिरी खालावलेली आढळली. संशोधकांचं म्हणणं असं की पैशाची काळजी डोक्यातली जागा अडवते, आणि त्या जागेला त्यांनी बँडविड्थ हाच शब्द वापरला. वेळ तर उलट तेव्हा त्यांच्याकडे असेलही.

शिवनेरी_७७
चाचणी दुसऱ्यांदा दिली की माणसाला सरावानंही चांगली जमते ना? मग पैशाचा परिणाम किती आणि सरावाचा किती?

मातीपरीक्षा
हाच आक्षेप तेव्हा इतर संशोधकांनीही घेतला होता आणि मूळ लेखकांनी त्याला उत्तरही दिलं. वाद पूर्ण मिटलेला नाही. मी तो पक्का पुरावा म्हणून देत नाहीये, शब्द कुठं कुठं पोचलाय ते सांगितलं. पण आमच्या घरी कारखान्याकडून उसाचं बिल येईपर्यंत अण्णा एकच गोष्ट तीनदा विचारतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तेरणाथडी
ताई, बिल यायच्या आधी मला माझ्याच बैलाचं नाव आठवत नाही. त्या लोकांनी बरोबर धरलं.

शिवनेरी_७७
बरं, मग मराठी शब्द कोणता ते तरी ठरवा. सवड मला अजून पटते.

सिडकोवाली
मी करून बघितलंय. "सवड" म्हटलं की लोक वेळच मोजतात, मांजराकाठ यांनी मोजला तसा. "झेपेल का?" विचारलं तर त्याच्या कुवतीवर शंका घेतल्यासारखं होतं, ईर्ष्येनं हो म्हणतात. "आवाका" जवळचा वाटतो, पण आवाका माणसाचा कायमचा असतो, या मंगळवारी कमी आणि पुढच्या मंगळवारी जास्त असा नसतो. बँडविड्थ रोज बदलते.

मातीपरीक्षा
"वाव"? "या आठवड्यात वाव आहे का?"

कोडकर
वाव छान आहे, पण तो कामात असतो, माणसात नाही. सुधारणेला वाव असतो. मला वाव आहे म्हटलं की बढतीची संधी आहे असं वाटेल.

बाई_चौथीच्या
"उसंत" घ्या. उसंत म्हणजे श्वास घ्यायची फट.

शिवनेरी_७७
आणि ती फट दिसली की तिथं काम कोंबायचं? नको, उसंत तरी सोडा आम्हाला. बघा, शेवटी सवडच उरली.

तेरणाथडी
आम्ही एकमेकांकडं कामाला बोलवायचं असलं तर असं काही विचारतच नाही. "हातात काय हाय सध्या?" एवढंच. समोरचा सांगतो, सोयाबीन काढायचीय, दोन दिवस लागतात, मग येतो. किंवा म्हणतो, तू आधी माझ्याकडं ये, मग दोघं मिळून तुझ्याकडं जाऊ. त्याचं काय चाललंय ते मला आधी कळतं, मग मी माझं काम किती रेटायचं ते ठरवतो.

मांजराकाठ
दादा, हे वाचून मी आज एक केलं. मॅडमचा पुन्हा तोच प्रश्न आला होता. हो-नाही न लिहिता एवढं लिहिलं: "हातात दोन कामं आहेत. बिलाच्या पानाची दुरुस्ती, १२ तास बाकी, शुक्रवारी द्यायचीय. दुसरं जुन्या नोंदींची तपासणी, ९ तास, तिला घाई नाही. नवं काम कोणतं आणि किती मोठं आहे? ते आधी हवं असेल तर तपासणी पुढच्या आठवड्यात नेतो."

दहा मिनिटांत उत्तर आलं की काम सहा तासांचं आहे, तपासणी पुढं न्या. शिवाय बुधवारी सकाळी ९ ते १२ तिकिटं दुसऱ्याकडं वळवली, मी न मागता. मला वाटायचं असं लिहिलं तर कामचुकार समजतील. तसं काही झालं नाही.

माझ्या स्वतःच्या कबूल केलेल्या कामाचे चौकोन मी कॅलेंडरवर टाकायला लागलोय. आता ते पांढरंशुभ्र दिसत नाही.

शिवनेरी_७७
तुमची मॅडम चांगली आहे. आमच्याकडं अशी यादी पाठवली तर "दोन्ही करा" असं उत्तर येतं. मी पाठवून बघितलीय.

सिडकोवाली
@शिवनेरी_७७, तसं उत्तर आलं तर "दोन्ही करतो, मग शुक्रवार कोणत्याचा?" असं लेखी विचारा. तरी नाहीच जमलं तर मग माझ्याकडंही तोडगा नाही.

अंबाजोगाईकर
खांबावरचा काका, दिवा लालच होता. वायरमन आला आज. पावसापाण्याचं काही नव्हतं, चार दिवसांपूर्वी कपाट सरकवलं तेव्हा मागची बारीक वायर काटकोनात मुडपली गेली होती. त्यानं नुसती सैल करून गोल वळसा देऊन ठेवली आणि ४८ आलं. लेकीनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

खांबावरचा
वा! कपाटाला आता चार बोटं पुढंच राहू द्या. पोरीला म्हणावं पेपर चांगला लिही.